बाराशे किलोंऐवजी दीड किलो

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शन. नांदेडहून आलेली गाडी इथून एकीकडे निजामाबाद-सिकंदराबादकडे जाते, दुसरीकडे आदिलाबादकडे. या गावाची दुसरी ओळख फुलांची. आसपासच्या शिवारात गुलाब, गलांडा, झेंडू, मोगरा लावतात आणि ती फुलं नांदेडच्या आणि पार हैदराबादच्या बाजारात जातात. फुलाला डाग चालत नाही, कीड तर मुळीच नाही. म्हणून फुलशेतीत पाठीवरचा फवारणी पंप वर्षभर हाताशी असतो. सोळा लिटरची प्लॅस्टिकची टाकी, दोन पट्टे, खाली बॅटरी किंवा बाजूला दांडा, वर तळहाताएवढ्या तोंडाचं आट्याचं झाकण. त्या झाकणाच्या आत एक रबरी कडं बसवलेलं असतं. त्याला कुणी वायसर म्हणतं, कुणी गास्केट, कुणी नुसतंच रबर.

हे कडं कडक झालं, चिरलं किंवा हरवलं, की वाफ्यातून वाकून चालताना टाकीतलं औषध झाकणाच्या कडेनं ओघळतं आणि थेट फवारणाऱ्याच्या पाठीवर उतरतं. पाठीचा सदरा भिजतो आणि दिवसभर अंगाला चिकटून राहतो. कीटकनाशक श्वासाइतकंच कातडीतूनही शरीरात शिरतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्राला फार कठोरपणे कळली. त्या मृत्यूंमागे अनेक कारणं होती, झाकणाच्या रबराशी त्यांचा संबंध मी जोडत नाही. पण पाठ कोरडी राहणं ही फवारणीतली छोटी गोष्ट नाही, एवढं त्यातून समजतं.

रबर नवीन मिळत असेल तर ते विकत घ्यावं. गोल, ठरावीक मापाचं रबर दुकानात स्वस्त मिळतं आणि ते छापलेल्यापेक्षा चांगलंच असतं. अडचण जुन्या पंपाची असते. त्याच्या झाकणाची खाच वेगळ्याच मापाची, कंपनीनं तो नमुना बंद केलेला, टाकीचं तोंड उन्हानं थोडं वाकडं झालेलं. अशा ठिकाणी थ्री-डी प्रिंटर आणि टीपीयू नावाचा लवचिक पदार्थ उपयोगी पडतो. हे कडं कसं आखायचं ते पाहू. त्यात एक हिशेब असा येतो की तो पहिल्यांदा कागदावर उतरतो तेव्हा खरा वाटत नाही.

आधी टीपीयूविषयी. सायकलच्या ट्यूबचं रबर कितीही तापवा, ते वितळून पातळ होत नाही. जळतं. कारण गंधक घालून शिजवताना त्याचे लांब लांब रेणू एकमेकांना कायमचे बांधले जातात. टीपीयू ताणलं की रबरासारखं परत येतं, आणि सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापवलं की चक्क वितळून बारीक नळीतून वाहू लागतं. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात कसे नांदतात? पॉलियुरेथेनची रसायनविद्या ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत लेव्हरकुझेन इथं १९३७ मध्ये शोधली. तिच्यातूनच पुढं टीपीयू आलं. त्याच्या प्रत्येक रेणूत मऊ आणि कडक असे तुकडे आलटून पालटून येतात. मऊ तुकडे वेटोळी घालून पडलेले असतात, ताणलं की सरळ होतात, सोडलं की पुन्हा वेटोळी घालतात. कडक तुकडे शेजारच्या रेणूंमधल्या कडक तुकड्यांना बिलगून गाठी तयार करतात आणि सगळ्यांना जागेवर धरून ठेवतात. रबरातल्या गाठी कायमच्या असतात, टीपीयूमधल्या उष्णतेनं सुटतात आणि थंड झालं की पुन्हा बसतात. प्रिंटरच्या नॉझलमधून बाहेर पडणारी तार म्हणजे गाठी सुटलेलं रबर, आणि खालच्या थरावर पडून क्षणात ती पुन्हा गाठी मारून घेते, खालच्या थरातल्या रेणूंशीसुद्धा. त्यामुळंच टीपीयूचे थर एकमेकांना इतके घट्ट धरतात. नीट छापलेलं कडं हातानं थरांवरून फाडून पाहा, सहसा फाटत नाही.

आता खरी अडचण. घरगुती प्रिंटरवर सहज चालणारं टीपीयू बहुतेक वेळा ९५ ए कडकपणाचं असतं. ‘ए’ ही शोर नावाची मोजपट्टी आहे, छोटी टोचणी पदार्थात किती रुतते त्यावर ती कडकपणा सांगते. नळाच्या वायसरचं किंवा ओ-रिंगचं रबर त्या पट्टीवर ७० च्या आसपास येतं. ७० आणि ९५ ऐकायला जवळचे वाटतात, पण या पट्टीच्या वरच्या टोकाला थोड्या आकड्यांत फार मोठा फरक दडलेला असतो. ९५ ए टीपीयूचा ताठरपणा साधारण २६ मेगापास्कल असतो, म्हणजे ओ-रिंगच्या रबराच्या निदान चार-पाच पट. तार हातात घेऊन वाकवली तर ती छान वाकते, म्हणून आपण तिला मऊ समजतो. पण वाकणं वेगळं आणि दबणं वेगळं. सगळं या एका फरकावर उभं आहे.

एक झाकण घेऊ. कड्याचा मधला व्यास १२० मिलिमीटर, खाचेची रुंदी ६ मिलिमीटर, जुनं रबर ३ मिलिमीटर जाडीचं, सपाट. पहिला विचार सगळ्यांच्या मनात एकच येतो, की त्याच मापाचं सपाट कडं छापावं. ओ-रिंग बसवताना ती साधारण वीस टक्के दाबली जाईल अशी खाच ठेवतात, तोच नियम इथं लावून पाहू. कड्याचं क्षेत्रफळ १२० गुणिले ६ गुणिले पाय, म्हणजे सुमारे २,२६० चौरस मिलिमीटर. वीस टक्के दाबायला दर चौरस मिलिमीटरला २६ चा पाचवा भाग, म्हणजे ५.२ न्यूटन बल लागेल. गुणाकार केला की ११,७५० न्यूटन येतात. किलोंत बोलायचं तर बाराशे किलो. एका पाठीवरच्या पंपाच्या झाकणावर!

खरं उत्तर याहूनही मोठं आहे. रबराची आणि टीपीयूची जात अशी की दाबल्यावर त्यांचं आकारमान जवळजवळ कमी होतच नाही. कणकेचा गोळा पोळपाटावर तळव्यानं दाबला तर तो आटत नाही, कडेनं पसरतो. टीपीयूचंही तसंच आहे, त्याला पसरायला जागा हवी. खाचेच्या दोन भिंतींमध्ये घट्ट बसलेल्या सपाट कड्याला ती जागाच नसते. मग ते जवळपास दगडासारखं वागतं. म्हणून गास्केटची खाच आखताना ती कधीही पूर्ण भरून टाकायची नसते. दाबल्यावर पदार्थ कुठं जाणार, ती मोकळी जागा आधी ठेवायची.

उलट बाजूनंही हिशेब करू. हातानं झाकण पिळून आपण कड्यावर साधारण २५ किलोंचा दाब आणू शकतो. एवढ्यानं ते सपाट कडं किती दबेल? अर्ध्या टक्क्याहून कमी. ३ मिलिमीटरमधला एक शतांश मिलिमीटर, केसाच्या जाडीचा एक लहानसा हिस्सा. आणि टाकीचं तोंड? फुगवून घडवलेल्या प्लॅस्टिकचं ते तोंड कधीच पूर्ण सपाट नसतं. साच्याचे दोन भाग जिथं मिटले तिथं त्यावर एक बारीक उंचवटा असतो, उन्हानं आणि आदळण्यानं थोडा बाक आलेला असतो. उंच-सखलपणा सहज अर्धा मिलिमीटर भरतो. एक शतांश दबणारं कडं अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा कसं भरणार? ते तीन-चार उंचवट्यांवर टेकेल आणि मधल्या फटींतून औषध वाहील. मग माणूस झाकण आणखी जोरात पिळतो, आटे झिजतात, झाकणाला तडा जातो, आणि दोष ‘छापलेल्या रबरावर’ येतो. दोष पदार्थाचा नसतो. मऊ रबरासाठी आखलेला आकार कडक पदार्थाला तसाच दिला, तिथं चूक होते.

यावर लोक सहसा दोन उपाय करतात. एक म्हणजे मऊ टीपीयू आणणं, ८५ ए किंवा त्याहून मऊ. ८५ ए चा ताठरपणा ९५ ए च्या निम्म्याहून कमी असतो, पण बाराशेचे साडेपाचशे किलो झाले तरी हातानं ते जमणार नाही. शिवाय इतकी मऊ तार बऱ्याच प्रिंटरांत गियरजवळच दुमडून अडकते. दुसरा उपाय म्हणजे कडं आतून पोकळ, जाळीदार छापणं. त्यानं ते खरोखर दबतं, कारण आतल्या पोकळ्यांत पदार्थाला पसरायला जागा मिळते. उशी, गादी, तळवा छापायचा असेल तर ही युक्ती सुंदर आहे. औषधाच्या टाकीत मात्र मी ती वापरणार नाही. वरच्या कातडीला सुईएवढं जरी छिद्र राहिलं तरी औषध त्या जाळीत शिरतं, धुऊन निघत नाही आणि पुढच्या वेळी झाकण उघडताना बोटांवर येतं.

तिसरी वाट म्हणजे टीपीयूला दाबायचंच नाही, वाकवायचं. ट्रॅक्टरच्या धुऱ्यावरचं ऑइल सील कुणी हातात घेतलं असेल तर त्याला आतल्या बाजूनं एक पातळ तिरकी कड दिसली असेल. तिला लिप म्हणतात. फिरत्या धुऱ्याला तीच टेकलेली असते, बाकीचं सील तिला धरून ठेवण्यापुरतं. आपल्या झाकणासाठीही तसंच करता येतं. खाचेत बसणारा १.६ मिलिमीटर जाडीचा भरीव पाया, आणि त्याच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या बाजूला पंचेचाळीस अंशांत झुकत निघालेली ५ मिलिमीटर लांबीची पातळ लिप. झाकण लावलं की लिपचं मोकळं टोक टाकीच्या तोंडावर टेकतं आणि मिलिमीटरभर मागं वाकतं.

त्यासाठी किती बल लागतं? लिप ०.८ मिलिमीटर जाड धरली तर एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं साधं सूत्र सांगतं, की तिच्या दर मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर वाकवायला ०.०२७ न्यूटन लागतात. पूर्ण वर्तुळाचा घेर सुमारे ३७७ मिलिमीटर. गुणाकार: दहा न्यूटन. म्हणजे एक किलो.

तोच पदार्थ, तेच झाकण, तीच खाच. सपाट कड्याला बाराशे किलो आणि लिपला एक. गोल लिप वाकताना तिचा घेरही किंचित बदलावा लागतो, त्यामुळं प्रत्यक्षात दीडेक किलो धरावा. तरीही मला हा आकडा दर वेळी थक्क करतो. पदार्थाचा कडकपणा आपण बदललेला नाही. बदलली ती फक्त भिंतीची जाडी आणि तिची दिशा.

आणि ही जाडी फार तिखट वागते. वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो. ०.८ ची लिप १.२ केली तर बल दीडपट होत नाही, जवळजवळ साडेतीन पट होतं. १.६ केली तर आठ पट. म्हणून टीपीयूमध्ये ‘थोडी मजबूत असू दे’ म्हणून भिंत जाड करणं हा सगळ्यात महागात पडणारा उदारपणा. लांबीचं उलटं. लिप दुप्पट लांब केली तर ताठरपणा आठव्या हिश्श्यावर येतो. आखणी करणाऱ्याच्या हातात हे दोनच लगाम आहेत आणि दोन्ही घनाचे आहेत, त्यामुळं कॅलिपरवरचा एक दशांश मिलिमीटरसुद्धा इथं बोलतो.

एवढीशी कड औषध अडवेल का, ही शंका रास्त आहे. पाठीवरच्या पंपात दाब असतो तो खालच्या दाबकोठीत आणि नळीत. मुख्य टाकीत तो नसतो. टाकी आडवी झाली तरी झाकणावर येणारा भार फार तर चाळीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका. लिपचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीवर टेकलं तर तिथला दाब याच्या दहा-बारा पट येतो. शिवाय लिपचा झुकाव आतल्या बाजूला ठेवला त्याचं फळ इथं मिळतं. पाया आणि लिप यांच्या मधली खाच द्रवाकडे उघडते. द्रव त्या खाचेत शिरतो आणि लिपला मागून ढकलून तोंडावर आणखी घट्ट बसवतो. गळू पाहणारा द्रवच स्वतःची वाट बंद करतो. लिप उलट्या दिशेनं, बाहेर झुकलेली छापली, तर हाच द्रव तिला उचलून बाहेर पडेल.

आता माप. झाकण पूर्ण बसल्यावर खाचेचा तळ आणि टाकीचं तोंड यांत नेमकं किती अंतर उरतं, ते बाहेरून कळत नाही. मुलांची खेळायची माती घ्यावी, तिच्या आठ लहान गोळ्या तोंडावर समान अंतरानं ठेवाव्यात, झाकण पूर्ण पिळावं, उघडावं आणि प्रत्येक गोळीची जाडी मोजावी. समजा आकडे ३.८ पासून ४.३ पर्यंत आले. म्हणजे तोंडाचा बाक अर्धा मिलिमीटर आहे. सरासरी ४.१ धरली तर कड्याची एकूण उंची तिच्याहून मिलिमीटरभर जास्त ठेवायची, म्हणजे ५.१. पाया १.६ आणि पंचेचाळीस अंशांत तिरकी लिप उभ्यानं साडेतीन, बेरीज बरोबर येते. मग सगळ्यात खोल जागी लिप ०.८ वाकेल आणि सगळ्यात उंच जागी १.३, पण कुठंही सुटणार नाही. झाकणाचं प्लॅस्टिक टाकीच्या प्लॅस्टिकवर टेकून थांबतं आहे, याची मात्र खात्री हवी. तो थांबा नसेल तर पिळणारा हात लिपला पार सपाट करतो आणि पुन्हा बाराशे किलोंचा प्रश्न समोर येतो.

छपाईत पहिला धोका दिसत नाही, तो मोजमापात लपलेला असतो. लिप तिरकी आहे. आपण तिची जाडी तिला काटकोनात मोजतो, पण प्रिंटर आडवे थर घालतो, त्याला तिची आडवी रुंदी दिसते. पंचेचाळीस अंशांवर ०.८ जाडीची भिंत आडवी मोजली तर १.१३ मिलिमीटर भरते. ०.४ च्या रेषांनी ती भरायला गेलं तर पावणेतीनहून किंचित जास्त रेषा होतात. काही स्लायसर अशा वेळी दोन रेषा घालून मधे सांद सोडतात, काही त्या सांदीत तुटक रेघोट्या भरतात. दोन्ही वाईट, कारण सांद म्हणजे लिपच्या पोटात गळतीची नळी. म्हणून आडवी रुंदी नेमकी तीन रेषांची, १.२ मिलिमीटर आखावी. खरी जाडी मग ०.८५ येते आणि बल वीसेक टक्क्यांनी वाढतं, ते परवडतं. स्लायसरमध्ये थर-थर पाहताना लिपमध्ये तीन अखंड वर्तुळं दिसली पाहिजेत, मधे काही नाही.

दुसरी गोष्ट रेषांच्या दिशेची. छापलेल्या वस्तूच्या अंगावर बारीक चऱ्या असतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, इतक्या चऱ्यांतून पाणी जाणारच. पण गळती ठरते ती चरी कुठून कुठं जाते त्यावर. कड्याच्या घेराबरोबर गोल फिरणारी चरी आतून बाहेर जातच नाही, ती स्वतःकडेच परत येते. तिच्यातून गळणार काय? घातक असते ती घेराला छेदून जाणारी चरी. स्लायसर सपाट पृष्ठभाग सहसा तिरक्या समांतर रेषांनी भरतो, त्या कड्याला ठायी ठायी आडव्या छेदतात. पायाचा वरचा-खालचा पृष्ठभाग समकेंद्री वर्तुळांनी भरायला सांगावं, किंवा भिंतींची संख्या इतकी वाढवावी की सगळं कडं वर्तुळांचंच बनेल.

तरी एक छेद उरतो. प्रत्येक थरात नॉझल वर्तुळ जिथं सुरू करून जिथं संपवतं तिथं एक पुटकुळी राहते, आणि थरांवर थर चढले की तिची उभी शिवण दिसते. शिवण लिपच्या टेकणाऱ्या टोकावर आली तर तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. शिवण सगळीकडे विखुरली तर पुटकुळ्याही विखुरतात, म्हणून मी ती एका जागी ओढणं पसंत करतो. शिवण एका जागी आली की तिला हाताळता येतं. टेकणाऱ्या टोकाचा शेवटचा थर धारदार ब्लेडनं तेवढ्या जागी हलका तासता येतो, आणि बसवताना ती जागा वर, पट्ट्यांच्या उलट बाजूला ठेवता येते. पंप पाठीवर असताना माणूस पुढं वाकतो, द्रव पट्ट्यांच्या बाजूला झुकतो.

तिसरा धोका हवेतला. टीपीयू हवेतलं पाणी शोषतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रीळ उघडं राहिलं तरी फारसं बिघडत नाही, पण मृग लागल्यावर चित्र पालटतं. दोन-तीन दिवस उघड्यावर राहिलेली तार नॉझलमध्ये शिरली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते. कान दिला तर बारीक तडतड ऐकू येते, पृष्ठभाग चमकदार न येता लोकरीसारखा खरबरीत येतो, दोन भागांच्या मधे धागे लोंबतात. शोभेच्या वस्तूत हे चालून जातं. ०.८५ मिलिमीटरच्या लिपमध्ये प्रत्येक बुडबुडा आरपार छिद्र होऊ शकतो. तडतड ऐकू आली की छपाई थांबवावी, रीळ ५५ अंशांच्या आसपास पाच-सहा तास सुकवावं आणि पुन्हा सुरुवात करावी. बाकी मांडणी साधी आहे: नॉझल २२० ते २३० अंश, वेग सेकंदाला २० ते ३० मिलिमीटर, तार मागं ओढणं अगदी कमी. घाई केली की मऊ तार गियर आणि नॉझलच्या मधे दबून राहते आणि रेषा उपाशी येतात. पाया प्लेटवर आणि लिप वर अशा अवस्थेत छापलं, तर पंचेचाळीस अंशांचा झुकाव आधाराशिवाय उभा राहतो.

छापून झालं की साध्या पाण्यानं तपासायचं, औषधानं कधीच नाही. टाकी पूर्ण भरून झाकण लावावं, जुन्या वर्तमानपत्रावर आडवी ठेवावी, दहा मिनिटं वाट पाहावी. ओल दिसली तर आधी झाकणाच्या मधलं हवेचं छिद्र पाहावं. औषध कमी होईल तशी हवा आत यावी म्हणून तिथं एक छोटा एकमार्गी पडदा असतो आणि गळती पुष्कळदा त्याचीच असते. ओल कडेला असेल तर त्या जागी टाकीवर आणि कड्यावर पेनानं खूण करावी, कडं खाचेत अर्धा वेढा फिरवून पुन्हा बसवावं आणि पुन्हा आडवं करावं. ओलीची जागा कड्याबरोबर सरकली तर दोष कड्यात आहे, बहुधा शिवण किंवा बुडबुडा. जागा टाकीबरोबर तिथंच राहिली तर तोंडावर उंचवटा किंवा खरचटा आहे. तो बारीक पॉलिशपेपरनं घेराच्या दिशेनंच घासावा, आडवा नाही, नाहीतर आपण स्वतःच नवी वाट कोरून ठेवू.

काही दिवसांनी आणखी एक प्रश्न उभा राहतो. टीपीयू दाबून ठेवलं की ते हळूहळू तो आकार अंगवळणी पाडून घेतं, आणि उन्हात हे लवकर घडतं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवलेल्या पंपाचं झाकण किती तापत असेल, ते नांदेडच्या माणसाला सांगायला नको. इथंही लिपचा फायदा आहे. सपाट कड्याला वीस टक्के दबून बसावं लागलं असतं, लिपच्या बुडाशी ताण जेमतेम पाच टक्के असतो. जितका ताण कमी तितका कायमचा बाक कमी. तरीही हंगाम संपल्यावर झाकण सैल करून पंप सावलीत ठेवावा. कडं काढून मोजलं आणि ५.१ ची उंची ४.५ च्या खाली आलेली दिसली, की दुसरं छापण्याची वेळ झाली.

हाच हिशेब पंपाच्या हातपकडीला लावला तर त्याचा चेहरा बदलतो. लान्सच्या २० मिलिमीटरच्या नळीवर टीपीयूची पकड चढवायची असेल तर तिथं दाबायचं नसतं, ताणायचं असतं. आतला व्यास १९.२ ठेवला, म्हणजे चार टक्के ताण, आणि भिंत २ मिलिमीटर, लांबी १०० मिलिमीटर. हिशेबानं ती पकड नळीवरून सरकवायला साठ-पासष्ट किलो बल लागतं. काम करताना ती कधीच निसटणार नाही, पण कोरडी चढणारही नाही. साबणाच्या पाण्यानं नळी ओली केली की चढते, पाणी सुकलं की धरते. ताण दोन टक्क्यांवर आणला तर बल निम्मं होतं आणि ते पुरेसं असतं. इथं जाडीचा घन नाही, सरळ प्रमाण आहे, म्हणून पकडीच्या आखणीत थोडी ढिलाई चालते. लिपमध्ये ती चालत नाही.

उरला औषधाचा प्रश्न, आणि तो मी सगळ्यात गंभीर मानतो. टीपीयू तेल आणि वंगण चांगलं सोसतं. पण ज्या औषधांच्या बाटलीवर ‘ई.सी.’ लिहिलेलं असतं त्यांत कीटकनाशक विरघळवायला बहुतेक वेळा झायलीनसारखं द्रावण असतं, आणि अशा द्रावणानं टीपीयू फुगतं. शिवाय टीपीयूच्या दोन मोठ्या जाती आहेत. एस्टर जात तेलापुढं मजबूत असते, पण ओल आणि उष्णता यांत महिनोन्‌महिने राहिली की पाणी तिचे रेणू तोडू लागतं आणि ती ठिसूळ होते. ईथर जात पाण्यापुढं टिकते. रिळावर जात लिहिलेली नसेल तर विकणाऱ्याकडून तांत्रिक माहितीपत्रक मागावं, आणि निवड असेल तर या कामाला ईथर घ्यावी. त्याच रिळातून एक लहान पट्टी छापावी, तिची जाडी आणि लांबी लिहून ठेवावी, आणि आपण वापरतो त्याच प्रमाणात पाण्यात मिसळलेल्या औषधात ती आठवडाभर बुडवून ठेवावी. काचेच्या बरणीत, झाकण लावून, वर विषाची खूण करून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. हातमोजे घालून काढावी, धुवावी, मोजावी. लांबी दोन-तीन टक्क्यांहून जास्त वाढली, चिकटपणा आला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर त्या औषधासाठी हे कडं वापरू नये.

आणि दाबकोठीतलं वॉशर, नळीचा जोड, कॉकची सील या जागी छापलेलं टीपीयू बसवू नये. तिथं दोन-तीन बारचा दाब असतो, हादरे असतात, आणि सुटलेल्या जोडातून औषधाची चिळकांडी तोंडावर येते. झाकणाची लिप ज्या हिशेबावर उभी आहे त्यात दाब चाळीस सेंटिमीटर पाण्याएवढा धरला आहे. तेवढ्यापुरतीच ती खरी आहे.